साध्या दोलकाच्या पानावर T हा T च का राहिला: एका प्रतिक्रियेला उत्तर

“भाषांतर म्हणता आणि निम्मं पान इंग्रजीतच ठेवता. T, l, g, θ, sin सगळं जसंच्या तसं! आमच्या वेळी मराठी पुस्तकांत अ, ब, क आणि क्ष, य असत. भास्कराचार्यांच्या बीजगणितात तर या, का, नी होते. मुलांना मराठीतून समजवायचं असेल तर सूत्रंही मराठीत हवीत. हा अर्धवटपणा आहे.”

नमस्कार सर,

भास्कराचार्यांपासूनच सुरुवात करतो. ११५० सालच्या त्यांच्या बीजगणितात यावत्तावत्, कालक, नीलक या अव्यक्तांची आद्याक्षरं आहेत आणि ती ग्रंथभर तशीच चालतात. उदाहरण, रीत, उत्तर सगळं त्याच खुणांमध्ये. क्ष आणि य वापरणाऱ्या जुन्या मराठी पुस्तकांचंही तसंच होतं. संपूर्ण पुस्तक एकाच चिन्हांत असेल तर ती कुठल्या लिपीतली आहेत याने काही अडत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण माझ्याकडे भाषांतराला पुस्तक येत नाही, भौतिकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातल्या एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो. पाठवणारी मुलं बहुतेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि आता अकरावीला विज्ञान इंग्रजीतून शिकणारी आहेत. त्यांना अडतं ते दोन सूत्रांच्या मधल्या वाक्यांपाशी. आधीचं आणि पुढचं पान, फळ्यावरचं गणित, प्रश्नपत्रिका या सगळ्यांत T च असतो. मी एकाच पानावर त्याचा ‘का’ केला, तर वाचताना या मुलांना दर ओळीला मनात उलटं भाषांतर करावं लागेल.

तुम्ही ज्या पानाबद्दल लिहिलंत तेच घेऊ. त्यावर दोलकाची आकृती आहे आणि तिच्यात दोरीलगत T, खाली mg, कोनात θ अशी अक्षरं छापलेली आहेत. आकृती फोटोतलीच राहते, तिच्यातली अक्षरं पुसून नवी घालता येत नाहीत. शिवाय या पानावर T दोन अर्थांनी येतो. वरच्या भागात तो दोरीतला ताण आहे, खाली T = 2π√(l/g) मध्ये दोलनकाल. आणि θ = θ₀ cos ωt मधला लहान t हा सरकता काळ. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नाही, त्यामुळे T आणि t साठी दोन वेगळी अक्षरं शोधावी लागतील. तिरपा m म्हणजे वस्तुमान आणि सरळ m म्हणजे मीटर, हा भेदही तसाच. हे सगळं ठरवता येईल, पण ते ठरवणं म्हणजे नवी चिन्हपद्धती रचणं. ते पुस्तक लिहिणाऱ्याचं काम आहे, एका पानाचं भाषांतर करणाऱ्याने परस्पर करायचं नाही.

मग माझं काम काय उरतं? T चा अर्थ बदलतो तिथे मराठी वाक्याने ते सांगायचं. म्हणून मी वर “दोरीतला ताण T” आणि खाली “दोलनकाल T” असं लिहिलं. मूळ पानावर दुसऱ्या ठिकाणी नुसतं T आहे, पण मराठीत नाम जोडल्याने गोंधळ टळतो आणि चिन्हाला हात लागत नाही.

आता पद्धत सांगतो, कारण ‘जसंच्या तसं ठेवलं’ हे वाटतं तितकं आपोआप होत नाही. फोटोतला मजकूर ओसीआरने काढून तसाच यांत्रिक भाषांतराला दिला, तर sin चं ‘पाप’ होऊ शकतं आणि u + at मधला at शब्द समजला जाऊ शकतो. म्हणून भाषांतराआधी प्रत्येक सूत्र आणि प्रत्येक सुटं चिन्ह काढून तिथे क्रमांकाची खूण ठेवतो:

```
The time period [[F7]] depends only on [[F5]] and [[F6]].
दोलनकाल [[F7]] फक्त [[F5]] आणि [[F6]] यांवर अवलंबून असतो.
```

मराठीत क्रियापद शेवटी जातं, त्यामुळे लांब वाक्यांत खुणांचा क्रम बदलतो, आणि तो बदलू द्यायचा. संख्या मात्र बदलता कामा नये. मूळ परिच्छेदात अकरा खुणा असतील तर मराठीतही अकराच हव्यात. एक कमी भरली की कुठलं तरी चिन्ह गळालं किंवा वाक्यात विरघळलं हे लगेच कळतं.

याहून मोठा धोका भाषांतराच्या आधीच, फोटो वाचताना असतो. या पानावर लहान l आणि आकडा 1 जवळपास सारखे दिसतात. सूत्र 2π√(1/g) असं वाचलं गेलं तर? आकडे घालून तपासावं म्हणून l = 1 m घेतलं, तर चुकीच्या सूत्रातूनही 2.01 s येतात आणि बरोबर सूत्रातूनही 2.01 s च! चूक लपून राहते. म्हणून तपासताना 1 कधीच घेत नाही. l = 0.25 m घेतलं की खरं सूत्र 1.00 s देतं आणि चुकलेलं 2.01 s वरच अडून राहतं. मिती तपासली तरी तेच दिसतं: √(1/g) मधून नुसते सेकंद निघत नाहीत, √(l/g) मधून निघतात.

F = −mg sin θ मधलं वजाचं चिन्ह पानाच्या घडीत, शिवणीजवळ होतं आणि फोटोत पुसट आलं होतं. ते गेलं तर बल गोळ्याला मध्याकडे आणण्याऐवजी आणखी दूर ढकलतं, म्हणजे दोलनच होत नाही. शेजारच्या वाक्यात “मध्यस्थितीकडे” हा शब्द आहे, त्यावरून वजा असायलाच हवा हे पक्कं करता आलं. तसंच 20° चं 200 झालं होतं. पुढे 0.349 रेडियन दिलेलं असल्याने ते पकडता आलं. sin 20° = 0.342, आणि sin θ ≈ θ हे तिथे सुमारे दोन टक्क्यांच्या फरकाने चालतं, हाच त्या परिच्छेदाचा मुद्दा होता.

तुमच्या म्हणण्यातला एक भाग मात्र मी आधीपासूनच पाळतो. सूत्रासारखं दिसणारं सगळंच सूत्र नसतं. work = force × displacement ही शब्दांची ओळ आहे, ती ‘कार्य = बल × विस्थापन’ अशीच हवी. pV = constant मध्ये pV राहतो, constant चं ‘स्थिर’ होतं. metre असं अक्षरी लिहिलेलं असेल तर मीटर, पण m आणि m/s ही एककांची चिन्हं कुठल्याही भाषेत तीच. समीकरणाचा क्रमांक, समजा (13.24), तसाच ठेवतो, कारण पुढच्या पानावर त्याचाच हवाला येतो.

अवघड जागा एकच उरते: Fₙₑₜ, vₘₐₓ अशी, जिथे अक्षराच्या पायाशी इंग्रजी शब्दाचा तुकडा बसवलेला असतो. तो तुकडा अर्थ सांगतो, म्हणजे भाषांतराचा माल आहे, पण तो नावाचाच भागही आहे. तिथे मी नाव तसंच ठेवून पहिल्या वेळी “एकूण परिणामी बल Fₙₑₜ” असं लिहितो आणि पुढे नुसतं Fₙₑₜ. θ आणि ω चा उच्चार मराठी पानाच्या तळाशी थीटा, ओमेगा असा देतो. sin ला तिथेच ‘ज्या’ हे नावही जोडायला माझी काही हरकत नाही, पुढच्या पानापासून जोडेन.