महालक्ष्म्यांचा पडदा

आमच्या सोलापुरात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि पूजनाच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला अख्खी गल्ली घरात येते, ते ठीकच आहे. पण या वर्षी बायकोनं जाहीर केलं की आरास झाकून ठेवायची आणि सात वाजता पडदा सरकवायचा. म्हणजे सरप्राईज. पडदा म्हणून तिची जुनी इरकल, दोरी ओढायला मी, स्टुलावर उभा.

आता हळदीकुंकू म्हणजे काय सिनेमाचा शो नाही. बायका येतात, दहा मिनिटं टेकतात, कुंकू लावून घेतात, खिरापत घेतात आणि पुढच्या घरी जातात कारण त्यांना अजून सात-आठ घरं करायची असतात. त्यांना सातपर्यंत थांबवायचं म्हणजे सहाला आलेल्या सगळ्या हॉलमध्ये साचणार. हॉल आमचा दहा बाय पंधरा, त्यातले चार फूट आराशीला, पुढं दीड फूट रांगोळी आणि सोळा भाज्यांचं नैवेद्याचं ताट, एका बाजूनं तीन फूट ये-जा करायला, उरलेल्या जागेत सतरंजीवर पंधरा जणी मांडी घालून बसतात, सोळावी आली की पहिलीला उठावं लागतं. त्यात गुडघेवाल्या आत्या-मावश्यांना खुर्च्या लागतात. त्या आम्ही आधी दाराजवळ मांडल्या, कारण त्यांना लांब चालायला नको. आत्या दारातच बसल्या आणि वाट बंद. शेवटी खुर्च्या आतल्या भिंतीला लावल्या, बाहेर जायचा रस्ता स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं काढला, आणि कुंकू लावायची ड्युटी त्या मागच्या दारात दिली, म्हणजे कुंकू लागलं की बाई आपोआप बाहेर. ही आयडिया आईची. पण चपला पुढच्या दारात राहिल्या ना! सगळ्या अनवाणी गल्लीला वळसा घालून पुढं. मग पोराला चपला पिशव्यांतून मागं पोचवायला बसवलं. कोणती कुणाची ते त्याला काय कळतंय.

पुढच्या दारात लक्ष्मीची पावलं. उंबरठ्यापासून आराशीपर्यंत पोरीनं सुरेख काढली, बरोब्बर वाटेच्या मधोमध. आता लक्ष्मीच्या पावलावर पाय कोण देणार? प्रत्येक बाई लंगडी खेळल्यासारखी उड्या मारत आत येतीय, साडी धरून. पावलं पुसून भिंतीकडंला फूटभर पट्ट्यात परत काढली आणि पंखा बंद केला, नाहीतर रांगोळी अर्धी सतरंजीवर. पंखा बंद म्हणून आत्या चिडल्या ते वेगळं.

लायटिंगचं मात्र मी बघितलं आणि त्यात मला खरंच मजा आली. दुकानदारानं दोन फोकस दिले होते, ते सगळ्यांसारखे आम्हीही समोरून लावले. पोरीला म्हटलं, कुंकू वाहायला वाक बघू. वाकली, आणि तिच्या डोक्याची सावली थेट ज्येष्ठेच्या तोंडावर! म्हणजे जी बाई दर्शन घेणार तिलाच मुखवटा काळा दिसणार. फोकस वर, दोन्ही बाजूंना, कोपऱ्यांतून खाली तिरपे केले तेव्हा सावली मागं गेली. तरी आमचे मुखवटे पितळी, त्यामुळं नाकावर पांढरा ठिपका चमकायचा आणि मोबाईलच्या फोटोत नाकच गायब. फोकसपासून थोडं अंतर ठेवून बटर पेपर लावला, उजेड पसरला, ठिपका गेला. (एलईडी होते म्हणून, हॅलोजनला कागद लावाल तर जळेल.) आणि दिवे पिवळसर घ्या, पांढऱ्या उजेडात पितळही आजारी दिसतं.

एक्स्टेंशन बोर्ड सहा अँपिअरचा, म्हणजे साधारण तेराशे वॅटपर्यंत. सगळे फोकस-माळा मिळून दोनशेही होत नाहीत. तरी सहाला पिनेचा वास यायला लागला, हात लावला तर गरम. बघतो तर त्याच बोर्डावर बायकोच्या भावानं कॉन्व्हर्टर लावून दोन हजार वॅटची इंडक्शन ठेवलेली, मसाला दूध तापवायला. "थोडंसंच तापवतोय की भावजी." मेन स्विच पडायच्या आत मी दूध गॅसवर पाठवलं.

सात वाजायला पाच मिनिटं. हॉल गच्च, एकही जागा नाही, पोरगी मोबाईल धरून रेकॉर्डिंगला तयार, आई आरतीचं ताट घेऊन उभी, मी दोरी धरून स्टुलावर. सगळं कसं ठरल्याप्रमाणं. आणि गल्लीतनं कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं गंऽऽ!"

चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी. सोलापूरच्या बाईला यापुढं काय सांगायचं? पंधराच्या पंधरा जणी उठल्या, वाटेवरून, रांगोळीवरून, एक तर लक्ष्मीच्या पावलांवरूनसुद्धा, चपला न घालता. खुर्चीतल्या आत्या तेवढ्या राहिल्या, त्यांच्याकडं बोअर आहे. बायकोनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "सात म्हणजे सात." मी दोरी ओढली. आत्या म्हणाल्या, "छान हाय. आता पंखा लावा."

आठला सगळ्या भिजल्या पदरानं परत आल्या आणि समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "काय ते सरप्राईज होतं की, दाखवा की आता."

"अहो, पडदा परत लावा," बायको म्हणाली.