लाइट गेली तेव्हा चालू काय राहिलं?

‘ऑफिसात आठवड्यातून दोन-तीनदा लाइट जाते. बिल्डिंग मॅनेजमेंटला मेल टाकला की एकच उत्तर येतं, वीज कंपनीकडूनच गेली. तुमच्याकडे असं झालं तर काय लिहितात?’ मावसभावाने विचारलंय.

आमच्याकडेही मॅनेजमेंटचं पहिलं उत्तर हेच असतं, हे आधी सांगून टाकतो. घरच्या ग्रुपवर मात्र दोन तट पडले. एका बाजूला ‘तुमच्या तिकडे सिस्टीम आहे, आमच्या इथे लिहून काही होत नाही’, दुसऱ्या बाजूला ‘मॅनेजमेंट जनरेटरचं डिझेल वाचवतं’. सिस्टीमबद्दल म्हणाल, तर आमच्या ऑफिसात तक्रारीला नंबर मिळतो खरा. पण स्विच वर केला की तो नंबर बंद होतो, बिघाड तसाच राहतो.

आमच्या मजल्यावर सकाळी सगळे कामाला बसले की एका बाजूचे सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडायचे. सुरुवातीचे मेल ‘पुन्हा लाइट गेली, खूप अडचण होते’ या थाटाचे होते. त्यावर कुणी काय करणार? मग एका सहकारी बाईंनी असा मेल लिहिला: ‘मंगळवार, सकाळी ९:१२. तिसरा मजला, पश्चिमेकडच्या टेबलांची सॉकेट बंद. छताचे दिवे, एसी आणि लिफ्ट चालू. पॅनेलमधला एकच स्विच खाली पडला होता, फोटो जोडला आहे. ९:४० ला तुमच्या माणसाने वर केला.’ लिफ्ट चालू असताना वीज कंपनीचं नाव घेणं अवघड झालं आणि इलेक्ट्रिशियन आला.

तोवर आमच्या अकाउंट्सवाल्याने निदान करून टाकलं होतं: लोड जास्त झाला, कुणीतरी टेबलाखाली हीटर लावतंय. लोडमुळे स्विच पडतो हे खरंच आहे, पण तेव्हा पॅनेलमधला एमसीबी नावाचा स्विच पडतो. इथे पडला होता आरसीसीबी, तो वेगळा स्विच. त्याला लोडशी देणंघेणं नसतं. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का, एवढंच तो पाहतो. फरक पडला, म्हणजे करंट अर्थिंगमधून किंवा कुणाच्या अंगातून जातोय असं समजून तो तोडतो.

इलेक्ट्रिशियनने फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर एकत्र धरून त्यांच्याभोवती क्लॅम्प मीटर लावला. सगळं सुरळीत चालू असताना दोन्हींतल्या फरकाचा, म्हणजे लीकेजचा आकडा १९ मिलिअँपिअर. एकेका कॉम्प्युटरचा प्लग काढत गेला तसा तो थोडाथोडा उतरत गेला, एकदम कुठेच पडला नाही. म्हणजे एकही मशीन बिघडलेलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट अर्थिंगला सोडतोच, साधारण एक-दीड मिलिअँपिअर धरा. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असला तरी नियमाप्रमाणे तो १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. टेबलं वाढत गेली, स्विच तोच राहिला. सकाळी सगळी मशीन जवळपास एकाच वेळी चालू झाली की त्या धक्क्याने तो जायचा.

मॅनेजमेंटने सुचवलं, १०० चा बसवा, कटकट जाईल. इलेक्ट्रिशियनने साफ नाही म्हटलं, कारण माणसाला शॉकपासून वाचवायला सॉकेटवर ३० चाच लागतो. उपाय म्हणजे टेबलं दोन-तीन आरसीसीबींवर वाटून देणं.

तर भावड्या, तुझ्या मेलमध्ये अडचणीचं वर्णन कमी आणि काय चालू राहिलं ते जास्त लिही. कॉरिडॉर आणि लिफ्टही गेली आणि जनरेटरवर परत आली, तर बाहेरून गेली असं मानायला हरकत नाही. मग तक्रार वेगळी: जनरेटर लोड घेईपर्यंतचे दहा-पंधरा सेकंद यूपीएसने काढायला हवेत. तेवढ्यातच कॉम्प्युटर बंद पडत असतील तर यूपीएसच्या बॅटऱ्यांचं वय विचार. फक्त तुमची टेबलं गेली असतील, तर पडलेल्या स्विचचा फोटो काढ. सगळे प्लग काढूनही आरसीसीबी वर राहत नसेल, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. तेव्हा तो पुन्हापुन्हा वर करायचा नाही. आणि ‘लक्ष घालावे’ असं लिहू नकोस, ‘लीकेज मोजून आकडा कळवावा’ असं लिही. लक्ष घातलं म्हणायला कुणालाही येतं, आकडा मात्र मोजावाच लागतो.

तुमच्या तिकडे मेलला उत्तरच येणार नाही, असं तुझी बायको म्हणते. ती चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्याकडेही खर्चावर घोडं अडलंय. मॅनेजमेंट म्हणतं, टेबलं तुम्ही वाढवलीत. आम्ही म्हणतो, पॅनेल तुमचं. भाडेकरारात ‘मुख्य वायरिंग’ मालकाची असं लिहिलंय, पण मजल्यावरचं पॅनेल त्यात धरायचं की नाही, यावर दोन्हीकडचे मेल अजून चालूच आहेत.