तेरा उद्गारचिन्हं आणि एक बरणी लोणचं

मी लेबलं बनवते. मसाले, लोणची, पापड, चटण्या. माहेर कोल्हापूरचं, सासर पुण्याचं, आणि गिऱ्हाईक सांगलीकडचे एक सर. घराण्याचा मसाल्याचा कारखाना चालवणारे, साठी ओलांडलेले, शांत. व्हॉट्सॲपवर त्यांचा शब्दसंग्रह एकाच शब्दाचा: "ठीक." त्यापुढे पूर्णविराम, तोही न विसरता दिलेला.

अशा माणसाला मी पहिल्या कामाच्या वेळी हा मेसेज पाठवला होता:

"नमस्कार सर!!! 🙏🙏 कांदा-लसूण मसाल्याच्या लेबलचं प्रूफ पाठवलंय, एकदम काटा किर्रर्र झालंय!! 🔥🔥 लाल रंग तर विषय हार्ड!!! 🌶️ फक्त एक छोटासा लोच्या झालाय 😅 लॅमिनेशनचा रोल संपलाय सो गुरुवारऐवजी शनिवार होईल 🙈 टेन्शन नॉट!! 😎 तुम्ही फक्त ओके द्या, मग आपण सुटलोच!!! 🚀"

दोन मिनिटांत फोन आला. आवाज काळजीचा.

"आग कुठं लागलीय? प्रेसमध्ये?"

"नाही सर, आग नाही."

"मग ते जाळ कशाचे काढलेत? आणि लोच्या म्हणजे नेमकं किती नुकसान?"

मी समजावलं. रंग झकास आला की आम्ही आगीचं चित्र टाकतो, असं सांगताना माझं मलाच ते कसंतरी वाटलं. फोन ठेवल्यावर ओशाळून मी फक्त एक 🙈 पाठवलं. एकटीच इमोजी पाठवली की व्हॉट्सॲप ती चांगली मोठी करून दाखवतं, हे त्या घाईत विसरले. सरांचा उलट मेसेज आला, "हे माकड कशाबद्दल?"

त्या रात्री मी मेसेज मोजला. उद्गारचिन्हं तेरा, इमोजी नऊ, आणि उपयोगाची माहिती एक: शनिवार. तीही लोच्या आणि माकड यांच्यामध्ये दडपलेली.

म्हणून पुढच्या कामाला, मिरचीच्या लोणच्याच्या वेळी, मी झाडून साफसफाई केली. चिन्हं गेली, चित्रं गेली, काटा आणि किर्रर्र दोन्ही गेले. उरलं ते असं:

"महोदय, प्रूफ पाठविले आहे. प्रेसकडील कामाच्या ताणामुळे छपाईस दोन दिवस विलंब होईल. कृपया आपली मान्यता त्वरित कळवावी."

पाठवून मला इतकं प्रौढ वाटलं की मी चहासुद्धा बशीत न ओतता प्यायले. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी आवाज पडलेला.

"आमचं काही चुकलं का? मागचं बिल राहिलंय का द्यायचं?"

आता काय करायचं? चिन्हं घातली तर माणसाला आग दिसते, काढली तर वीज तोडायची नोटीस दिसते.

तिसरं काम लिंबाच्या लोणच्याचं. आणि लॅमिनेशनचा रोल पुन्हा संपलेला. (तो रोल माझ्या प्रेसवाल्याकडे कधी असतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पुन्हा गुरुवारचा शनिवार होणार होता आणि पुन्हा तो मला सांगायचा होता. मी डायनिंग टेबलावर मोबाइल हातात धरून अर्धा तास बसले, तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावला.

आमच्या आईंनी एका पतसंस्थेत तीस वर्षं वसुलीची पत्रं लिहिली. म्हणजे समोरच्याकडे थकलेला हप्ता मागायचा, आणि त्याने पुढचं कर्जही आपल्याकडूनच घ्यावं असं त्याला वाटायला लावायचं. क्लायंट कम्युनिकेशन म्हणून लोक ज्याची फी घेतात, ते त्या टेबलावर बसून फुकट करत होत्या.

"वाच बघू मोठ्याने," आई म्हणाल्या.

मी नवा मसुदा वाचला. "नमस्कार सर, प्रूफ मस्त झालंय, रंग भारी आलाय."

"असं नाही. लिहिलंयस तसं वाच. पुढे तीन काठ्या आहेत ना? तेवढं ओरड."

मी ओरडले. शेजारच्यांनी दार उघडलं.

"तोंडाने एवढं ओरडणार नसशील तर बोटानेही ओरडू नकोस. आता सांग, काठ्या काढल्या तर वाक्यात काय उरतं? मस्त. मस्त म्हणजे काय? तू त्या रंगासाठी केलंस काय?"

मी सांगितलं की सरांनी त्यांच्या वडिलांच्या काळातली एक जुनी बरणी पाठवली होती, तिच्यावरच्या लेबलाचा पिवळा मी दोन दिवस खपून जुळवला.

"मग ते लिही की. त्यांच्या बरणीची आठवण ठेवलीस, हे वाचून त्यांना जे वाटेल ते तुझ्या तेरा काठ्यांनी वाटायचं नाही."

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण त्याचं चित्र मी कुठेही टाकलं नाही. मी उद्गारचिन्ह टाकते ते बहुतेक वेळा सांगायचं काहीतरी राहिलेलं असतं म्हणून. शिवाय त्यात महागाई आहे. एकदा "धन्यवाद!!!" पाठवलं की पुढच्या वेळी "धन्यवाद!" म्हणजे थोडं कमी आभार, आणि नुसतं "धन्यवाद" म्हणजे बाई रागावल्या. मोडीत पत्रं लिहिणाऱ्यांना ही भानगड नव्हती. त्यांच्याकडे विरामचिन्हं नव्हतीच, दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. ही इंग्रजी वळणाची चिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना देतात. त्याआधी माया कुठे ठेवायचे? तर शब्दांत. वर "साष्टांग नमस्कार विनंती विशेष", खाली "लोभ असावा". मध्ये खुशाल पैसे मागा.

मग आम्ही इमोजींकडे वळलो. आईंचा इमोजींना विरोध नाही. त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर त्या सकाळी सहालाच फुलं पाठवतात. पण त्यांनी 😅 वर बोट ठेवलं.

"हा घाम पुसत हसतोय. माल दोन दिवस उशिरा येणार म्हणून त्या माणसाला घाम फुटणार, आणि तू हसणार? हप्ता थकलाय असं सांगताना मी कधी हसले नाही. वाईट बातमीला चेहरा नको."

🙏 चं काय, असं मी विचारलं. ते मला सभ्य वाटत होतं. आई म्हणाल्या, "त्या चित्राने नमस्कारही होतो, आभारही होतात, माफीही होते आणि दुखवट्यालाही तेच टाकतात. वर नमस्कार शब्दात लिहिलायस ना? मग पुन्हा हात कशाला जोडतेस? त्यांनी आधी एखादं चित्र पाठवलं तर तू एक पाठव. आहेर आला की परत करायचा, आपण होऊन अंगावर साड्या टाकायच्या नाहीत."

बोलीची छाटणी सोपी जाईल असं वाटलं होतं. लोच्याची अडचण झाली, सोचं त्यामुळे झालं. मग अति उत्साहात मी पाठवतेयचं पाठवीत आहे केलं, तुमचंचं आपलं केलं आणि पुढे कृपया चिकटवलं. आईंनी कपाळावर हात मारला.

"झाली का परत स्टेशनवरची घोषणा? कृपया ध्यान दें! अगं, लोच्या काढायचा म्हणजे बोलणं काढायचं नाही. त्यांच्याशी फोनवर पाठवतेय म्हणतेस ना? मग तेच लिही. आणि कळवावेच्या जागी कळवाल का लिही. मागे जरा लाव, नाहीतर तेवढं लाव. तेवढं बघाल का, म्हटलं की माणूस बघतो. कृपया अवलोकन करावे, म्हटलं की वकिलाला विचारतो."

खरंच होतं ते. मी जो गोडवा चित्रांतून आणायला बघत होते, तो मराठीच्या क्रियापदाच्या शेपटीत आधीपासून बसलेला होता. कळवा म्हणजे हुकूम, कळवावे म्हणजे फाइल, आणि कळवाल का म्हणजे समोर खुर्ची सरकवून बोलणं. पण हे जरा आणि तेवढंही प्रत्येक वाक्यात घातलं की माणूस लाचार दिसतो, असं आई म्हणाल्या. एका पत्रात एक पुरे.

"आणि ते टेन्शन नॉट काढ. काळजी करू नका म्हटलं की माणूस हमखास करतो. त्यापेक्षा माल कधी मिळेल ते सांग आणि त्यांची गाडी अडकत असेल तर तू काय करशील ते सांग."

रात्री साडेनऊला मेसेज तयार झाला:

"नमस्कार सर,
लिंबाच्या लोणच्याच्या लेबलचं प्रूफ पाठवतेय. पिवळा रंग तुम्ही पाठवलेल्या जुन्या बरणीशी जुळवलाय. मोबाइलवर थोडा भडक दिसेल, छापल्यावर तसा राहणार नाही.
एक अडचण आली आहे. लॅमिनेशनचा रोल शुक्रवारी येतोय, त्यामुळे लेबलं गुरुवारऐवजी शनिवारी दुपारपर्यंत मिळतील. तुमचा माल गुरुवारीच निघणार असेल तर सांगा, पहिली 500 लेबलं दुसऱ्या प्रेसमधून करून घेता येतात का ते बघते.
वजन आणि किंमत तेवढी एकदा नजरेखालून घालाल का? उद्या संध्याकाळपर्यंत कळवलंत तर शनिवार नक्की."

माझं बोट शेवटच्या टिंबावर घुटमळत होतं. "आई, एक तरी उद्गारचिन्ह? नक्कीपुढे?"

"एक आहे तुझ्याकडे. जपून ठेव. लागेल."

पाठवलं. निळ्या खुणा आल्या. "टायपिंग" दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. सर एका शब्दासाठी एवढा वेळ कधीच घेत नाहीत. आम्ही दोघी सासू-सुना मोबाइलवर वाकून बसलो, जणू दहावीचा निकाल लागणार होता. फोन काही वाजला नाही, हे पहिलं यश.

मग उत्तर आलं.

"नमस्कार. शनिवार चालेल, गाडी सोमवारी आहे. बरणी वडिलांची, रंग तोच आलाय, बरं वाटलं. वजन, किंमत बरोबर."

आई खुर्चीत मागे टेकल्या. तीस वर्षांची नोकरी चेहऱ्यावर दिसत होती. मी चहा टाकायला उठणार तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उगवली.

"फक्त लेबलावर लिंबू ऐवजी लिबू छापलंय. अनुस्वार राहिला."

मी प्रूफ उघडलं. बरणीइतक्या मोठ्या अक्षरात, जुळवलेल्या पिवळ्यावर, लिबू. संध्याकाळभर दोघींनी मिळून मेसेजमधला एकेक ठिपका पारखला होता आणि लेबलावरचा एकच ठिपका गळाला होता.

"अगं बाई," आई म्हणाल्या. "आता टाक ते उद्गारचिन्ह."