जिना अर्धाच उतरावा

नफा-तोटा पत्रक हा एक जिना आहे. वरच्या पायरीवर महसूल, तळाला निव्वळ नफा. शहाणा गुंतवणूकदार हा जिना कधीच पूर्ण उतरत नाही. तुम्हीही उतरू नका. खाली अंधार असतो, शिवाय गुडघे दुखतात.

एक काल्पनिक ट्रॅव्हल्स कंपनी घ्या. रात्रीच्या स्लीपर बस, वर्षाची तिकीटविक्री 100 कोटी. हा झाला महसूल. इथे क्षणभर थांबून "शंभर कोटींची कंपनी!" असं मोठ्याने म्हणा. मग दुसरी ओळ बघा : इतर उत्पन्न, 6 कोटी. यातले 5 कोटी डेपोमागचा प्लॉट विकून झालेल्या नफ्याचे आणि 1 कोटी मुदत ठेवींचं व्याज आहे. कंपनी कायद्याच्या नमुन्यात ही ओळ महसुलाला खेटूनच बसवलेली असते आणि दोन्हींची बेरीज खाली वेगळ्या ओळीत येते. कायद्याने एवढी सोय करून दिली आहे, तर प्लॉट दरवर्षी विकता येतो का, असले खवचट प्रश्न विचारू नयेत.

आता खर्च. डिझेल 40 कोटी, पगार 18, टोल-दुरुस्ती-विमा वगैरे 20. तिकिटांच्या 100 कोटींतून हे 78 गेले, उरले 22. हाच तो एबिटा, म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीची कमाई. घसारा म्हणजे मालमत्तेची किंमत तिच्या आयुष्यभरात थोडी थोडी खर्चात टाकणं; सॉफ्टवेअरसारख्या अमूर्त मालमत्तेचं तेच म्हणजे अमॉर्टायझेशन. कायद्याच्या त्या नमुन्यात या नावाची सक्तीची ओळच नाही. त्यामुळे व्याख्या ज्याची त्याने करावी. आपल्या कंपनीने प्लॉटचे आणि ठेवींचे पैसेही त्यात घालून 28 कोटी छापले, तर ती त्यांची हौस.

इथे थांबा. खरंच थांबा. पुढची पायरी घसाऱ्याची आहे आणि ती फार निसरडी आहे.

घसारा 14 कोटी. त्यातले 11 बसचे : 55 कोटींच्या बस, आयुष्य 5 वर्षं. कंपनीचे साहेब सांगतील, "अहो, हा नुसता कागदी खर्च, यंदा रोख कुठे गेली?" मान डोलवा. बस काही फुकट आल्या नव्हत्या, रोख आधीच गेली होती आणि 5 वर्षांनी पुन्हा जाणार आहे, हे आठवून बैठकीचा रंग घालवू नका. उरलेले 3 कोटी पार्किंगच्या जागेच्या लांब मुदतीच्या भाडेकरारांचे. पूर्वी हे भाडं सरळ खर्चात दिसायचं. एप्रिल 2019 पासून नव्या लेखा मानकाने त्याचा बराचसा भाग घसाऱ्यात आणि थोडा व्याजात ढकलला. जागामालकाला तितकेच पैसे जातात, पण एबिटा फुगला. त्यामुळे 2019च्या अलीकडचा आणि पलीकडचा एबिटा शेजारी मांडून "केवढी प्रगती!" असं खुशाल म्हणावं.

22 मधून 14 गेले की उरतात 8 कोटी, म्हणजे ऑपरेटिंग मार्जिन 8 टक्के. घाबरू नका. आपल्याकडे बरेच ब्रोकर घसाऱ्याआधीच्याच आकड्याला ऑपरेटिंग मार्जिन म्हणतात. त्यांच्या तक्त्यात हीच कंपनी 22 टक्क्यांची दिसेल. तुम्हाला शोभेल तो तक्ता निवडा.

पुढे कर्जाचं आणि भाडेकरारांचं मिळून व्याज 9 कोटी. म्हणजे बस चालवून हाती आला 1 कोटीचा तोटा. प्लॉट आणि ठेवींचे 6 मिळवा, 5 कोटी झाले. कर साधारण चतुर्थांश धरा, निव्वळ नफा पावणेचार कोटी. हा नफा बसने कमावला की प्लॉटने, हे विचारणाऱ्याला भागधारकांच्या वार्षिक सभेचा चहा मिळत नाही.

एबिटा आणखी वाढवायचा असेल तर इंजिन-दुरुस्तीचे 5 कोटी खर्चातून उचलून मालमत्तेत टाका. 22चे 27 झाले. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमने हेच केलं : इतर टेलिफोन कंपन्यांच्या लाइन वापरल्याचं भाडं भांडवली खर्च म्हणून लिहिलं. 2002 मध्ये हे उघडकीस आलं तेव्हा पहिल्याच फटक्यात 380 कोटी डॉलर निघाले आणि महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत गेली. पण ते लोक कमनशिबी. तुमचं भांडं फुटू नये म्हणून एकच खबरदारी घ्या : वाचकाला रोख प्रवाह पत्रकापर्यंत जाऊ देऊ नका. मालमत्ता खरेदीवर 5 कोटी जादा गेले आणि बस मात्र गेल्या वर्षीइतक्याच, हे तिथे शाळकरी पोरालाही दिसतं.

तेव्हा 22 वर थांबा, शेअर घ्या आणि निवांत झोपा. पाच वर्षांनी नव्या बस घ्यायला गल्ल्यात पैसे नसतील, तेव्हा प्रवाशांना पिकअप पॉइंटवर उभं करून सांगा, "आज एबिटा येणार आहे, त्यातच बसा."