बदलीच्या अर्जात खरं कारण लिहिल्याने कोणी फसत नाही

«कंपनीतल्या कंपनीत विभाग बदलायचाय? अर्ज दोन ओळींचा ठेवा. कारण 'वैयक्तिक' लिहा, खरं लिहिलंत की फसलात. आपल्या मॅनेजरला आधी सांगू नका, थेट एचआरला पाठवा. टीमचा फायदा-तोटा बघणं कंपनीचं काम, तुम्ही स्वतःचं बघा. आणि लवकर सुटायचं असेल तर लिहून टाका की नवीन काम सांभाळून जुनंही बघेन.»

हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांना मदतच करायची असते, पण तो पाळणाऱ्याचं नुकसान होतं. मुद्दे एकेक करून घेतो आणि उदाहरण एकच ठेवतो. समजा, एक बाई अकाउंट्समध्ये पुरवठादारांची बिलं पास करतात आणि त्यांना खरेदी विभागात जायचं आहे.

सगळा घोळ कारणापासून सुरू होतो, म्हणून आधी तेच. असा अर्ज निदान तीन जण वाचतात. सध्याचा मॅनेजर बघतो की हे काम आता कोणाच्या अंगावर पडणार. नवा मॅनेजर बघतो की ही व्यक्ती आपल्याकडे यायचं म्हणून येतेय की तिकडून सुटायचं म्हणून. एचआर बघतं की तिथे मंजूर जागा आहे का, ग्रेड जुळते का, आणि सध्याच्या पदावर किमान काळ काढण्याचा नियम असेल तर तो पूर्ण झालाय का. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द यातल्या एकाच्याही प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. मग प्रत्येक जण अंदाज बांधतो, आणि सगळ्यात सोपा अंदाज असतो की कोणाशी तरी वाजलं असणार. नवा मॅनेजर जुन्याला फोन करतो आणि तुमचं कारण तुमच्या वतीने तिसराच माणूस सांगून मोकळा होतो.

खरं लिहायचं म्हणजे मनातलं सगळं ओतायचं, असा मात्र अर्थ नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईंकडे तीन कारणं आहेत. पहिलं, अडकलेली बिलं सोडवण्यात त्यांचा बराच वेळ जातो आणि चूक बहुतेक वेळा बिलात नसून आधी निघालेल्या ऑर्डरमध्ये असते. दुसरं, चार वर्षं तेच काम करून त्यातलं शिकण्यासारखं संपलं आहे. तिसरं, मॅनेजर मीटिंगमध्ये तुटक बोलतात. अर्जात काय जाईल हे ठरवायला मी दोन प्रश्न विचारतो: हे कारण कंपनीच्या नोंदींवरून पडताळता येतं का, आणि त्या ठरावीक विभागात गेल्यानेच ते सुटतं का? पहिलं कारण दोन्हींत पास होतं. दुसरंही, कारण किती वर्षं एकाच पदावर आहोत हे रेकॉर्डवरच असतं आणि पुढचं शिकणं खरेदीत आहे. तिसरं पडताळता येत नाही, आणि ते कुठल्याही विभागात गेलं तरी सुटेल. ते अर्जात येत नाही, आणि ते न लिहिणं म्हणजे खोटेपणा नाही.

तिसरं कारण तुटक बोलण्यापुरतं नसून छळाचं किंवा अपमानाचं असेल, तर ते बदलीच्या अर्जात मुळीच घालू नये. त्याची वेगळी लेखी तक्रार करावी, तारखा आणि प्रसंगांसह, त्या कामासाठी कंपनीत जी समिती किंवा अधिकारी असेल तिथे. दोन्ही एकाच कागदावर आलं की बदली मंजूर होते आणि तक्रार तिथेच मिटली असं धरलं जातं. हे नुकसान फार मोठं आहे आणि ते नंतर भरून काढणं अवघड असतं.

पगाराचं काय, असं पुष्कळजण विचारतात. नव्या जागेची ग्रेड वरची असेल तर पगाराबद्दल एचआरशी उघड बोलावं, पण तोंडी, अर्जात नाही. समान ग्रेडवरच्या बदलीत पगार वाढेलच असं नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

आता मॅनेजरला अंधारात ठेवण्याबद्दल. बऱ्याच ठिकाणी बदलीचा अर्ज सिस्टिममध्ये टाकला की मंजुरीसाठी तो आधी सध्याच्या मॅनेजरकडेच जातो. तुम्ही लपवलंत ते त्यांना सूचनेच्या मेलवरून कळतं, आणि रिलीजची तारीख त्यांच्याच हातात असते. म्हणून आधी समोर बसून थोडक्यात सांगावं आणि मग लगेच लेखी अर्ज द्यावा. काही कंपन्यांच्या नियमात निवड होईपर्यंत मॅनेजरला न कळवण्याची मुभा असते; ती असेल तर वापरायला हरकत नाही. मॅनेजरविरुद्धच तक्रार असेल, किंवा त्यांनी पूर्वी बदली मागणाऱ्यांना त्रास दिला असेल, तर एचआरकडे आधी जाणंच योग्य. तेव्हा आधी का आलो हे लिहून ठेवावं. सल्ल्यातलं एवढंच वाक्य काही जणांच्या बाबतीत खरं ठरतं.

टीमच्या फायद्याबद्दल जे म्हटलंय ते मला सर्वात जास्त खटकतं, कारण अर्जाचं वजन तिथेच असतं. पण फायदा लिहिणं म्हणजे 'माझ्या अनुभवाचा विभागाला लाभ होईल' असं लिहिणं नव्हे. ते वाक्य कोणीही कुठल्याही विभागासाठी लिहू शकतं. बाईंच्या कामात नेमकं काय आहे ते बघा. बिल पास करताना तीन कागद जुळावे लागतात: खरेदी विभागाने काढलेली पर्चेस ऑर्डर, गोदामाने केलेली माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल. ऑर्डरमध्ये जुना दर राहिला, किंवा ऑर्डर बॉक्समध्ये आणि बिल नगांमध्ये असलं, की बिल अडकतं. मग पुरवठादार पैशांसाठी अकाउंट्सला फोन करत राहतो आणि दुरुस्ती मात्र खरेदीकडे असते. ही गाठ कुठे पडते हे ज्यांनी रोज पाहिलंय त्या खरेदीत गेल्या, तर ऑर्डर निघतानाच दर आणि एकक तपासलं जाईल. याचा फायदा खरेदीला आहे, आणि मागे राहिलेल्या अकाउंट्सलाही आहे. जुन्या मॅनेजरला 'हो' म्हणायला हे दुसरं अर्धं वाक्य लागतं.

त्याच्या जोडीला जुन्या टीमचा तोटाही स्वतःच लिहावा. तुम्ही लिहिला नाहीत म्हणून तो लपत नाही, मॅनेजरच्या मनात तो सर्वात आधी येतो. कोणती कामं फक्त तुम्हालाच येतात, ती कोणाला शिकवणार, किती दिवसांत, आणि महिनाअखेरच्या क्लोजिंगचं काय, एवढं आलं की बोलणं नकारावरून तारखेवर येतं.

शेवटचा मुद्दा, दोन्ही कामं सांभाळण्याच्या वचनाचा. आपल्या उदाहरणात ते थेट नियमाच्या विरुद्ध जाईल. ऑर्डर काढणारा आणि त्याच ऑर्डरचं बिल पास करणारा माणूस एकच असू नये, हा आर्थिक नियंत्रणाचा मूलभूत नियम आहे; नाहीतर खोटी ऑर्डर काढून तिचे पैसे काढून देणं एकट्या माणसाला शक्य होतं. ऑडिटर हे आवर्जून तपासतात. म्हणून बदलीच्या दिवशी बिल पास करण्याचा अ‍ॅक्सेस बंद झाला पाहिजे, आणि ते बाईंनी स्वतः अर्जात मागावं. जुन्या सहकाऱ्यांच्या शंकांना उत्तर द्यायला हरकत नाही, नोंद मात्र स्वतः करायची नाही. जिथे असा नियम आड येत नाही तिथेही मुदत नसलेलं वचन देऊ नये. ते दिलं की जुन्या जागी माणूस भरायची घाई कोणालाच राहत नाही आणि दोन्ही टेबलं कायमची तुमची होतात.

हे सगळं धरून अर्ज असा होईल:

> विषय: अकाउंट्स (बिल पेमेंट) विभागातून खरेदी विभागात बदलीबाबत
>
> महोदय,
>
> मी चार वर्षांपासून बिल पेमेंट विभागात काम करत आहे. खरेदी विभागातील सहायक पदाच्या रिक्त जागेवर माझी बदली व्हावी, अशी विनंती करते. याबाबत आपल्याशी काल प्रत्यक्ष बोलणे झाले आहे.
>
> बदली मागण्याची कारणे दोन. गेल्या तिमाहीत माझ्याकडे अडकलेल्या १२० बिलांपैकी ७० बिले ऑर्डरमधील दर किंवा एकक चुकल्यामुळे अडकली होती. यादी सोबत जोडली आहे. ही चूक जिथे होते तिथे काम करण्याची माझी इच्छा आहे. दुसरे, सध्याच्या कामात मला नवीन शिकण्यासारखे फारसे उरलेले नाही.
>
> खरेदी विभागात ऑर्डर निघण्यापूर्वी दर आणि एकक तपासण्याची जबाबदारी मी घेऊ शकेन. त्यामुळे आपल्या विभागाकडे येणारी अडकलेली बिलेही कमी होतील. पुरवठादारांशी दराची बोलणी करण्याचा अनुभव मला नाही. ते मला शिकावे लागेल.
>
> माझ्या जाण्याने आयात बिलांचे काम अडेल, कारण सध्या ते मी एकटीच करते. ते मी तीन आठवड्यांत एका सहकाऱ्याला शिकवेन आणि लेखी टिपण देईन. येत्या महिनाअखेरचे क्लोजिंग पूर्ण करून त्यानंतर रिलीज मिळावे. त्या दिवसापासून माझा बिल पास करण्याचा अ‍ॅक्सेस बंद करावा. पुढच्या एका क्लोजिंगपर्यंत शंकांसाठी मी उपलब्ध राहीन.
>
> आपली विश्वासू

हा अर्ज एका पानात मावतो. दोन ओळींत यातलं काहीच बसलं नसतं, आणि तीन पानं कोणी वाचली नसती. बोलणीचा अनुभव नसल्याचं वाक्य काढून टाकावं असं अनेकांना वाटेल. मी ते ठेवेन. नवा मॅनेजर मुलाखतीत ते विचारणारच आहे, आणि अर्जात आधीच आलेलं असलं की आकड्यांवरही त्याचा विश्वास बसतो. आकडे मात्र सिस्टिममधून काढलेले हवेत. अडकलेल्या बिलांचा रिपोर्ट काढा, कारणानुसार मोजा आणि मगच लिहा. आणि यादी जोडताना खरेदीतल्या कोणा माणसाचं नाव त्यात राहिलेलं नाही ना, हे बघा. उद्या त्याच्याच शेजारी बसायचं आहे.

इतकं करूनही नकार येऊ शकतो. जागा मंजूर नसेल तर कितीही खरा अर्ज ती निर्माण करत नाही. पण असा अर्ज नाकारताना 'बघू' म्हणणं कठीण जातं, कारण त्यात तारीख आणि हँडओव्हर दोन्ही दिलेलं असतं. नाही म्हणणाऱ्याला नेमकं काय अडतंय ते सांगावं लागतं. ते सांगितलं की त्याच दिवशी मेल करा: काय अडलं, ते कोण सोडवणार, आणि अर्जाचा पुन्हा विचार कोणत्या महिन्यात होणार. त्या मेलला एचआरलाही कॉपीमध्ये ठेवा.