माळवदाचा नियम पाचव्या मजल्यावर

“अक्का, भूकंप आला की जिन्यानं खाली पळायचं, एवढंच. कपाट भिंतीला ठोकून काय होणार?”

10 जुलै 2024 ला सकाळी हिंगोलीकडे 4.5 चा धक्का बसला, नांदेडला भावाच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फडताळातली भांडी वाजली, आणि दुपारी घरच्या ग्रुपवर त्याचं हे वाक्य आलं. मला राग आला तो तीन दिवस गेला नाही. सोळा वर्षं मी टोक्योत राहते. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून खुर्चीवरची बोसाई-झुकिन, म्हणजे गादीसारखी जाड टोपी, डोक्यावर ओढून टेबलाखाली जाते, आणि टेबलाचे पाय दोन्ही हातांनी धरते, कारण टेबलही सरकतं. अन् माझा सख्खा भाऊ, दोन लेकरांचा बाप, पाच जिने उतरायच्या गोष्टी करतो.

त्या दिवशी ग्रुपवर सगळेच बोलत होते. काकू म्हणाल्या, दाराच्या चौकटीत उभं राहायचं, ते आपल्यात पूर्वीपासून आहे. मामांनी विचारलं, त्यांचा टीव्ही भिंतीला टांगलेला आहे, मग त्यांना काही करायला नको ना? आमचा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्यानं संध्याकाळी माझ्या भावाला एकच ओळ लिहिली: “मामा, तुमच्या जिन्याचा भरवसा मी देणार नाही.”

मी मात्र लांबलचक लिहिलं. जोराचा हादरा चालू असताना माणूस पायांवर उभाच राहू शकत नाही, मग जिना उतरणार कसा? बहुतेक भूकंपांचा जोराचा भाग मिनिटभरात संपतो. तेवढ्यात तू दुसऱ्या मजल्यावर अंधारात, आईला धरून, वरून प्लास्टर पडत असताना असशील. खाली पोचलास तरी कठड्याच्या विटा आणि खिडक्यांच्या काचा पडतात त्या बरोबर दारासमोर. मी लिहिलेलं सगळं खरं होतं. पण ते मी ज्या सुरात लिहिलं, तो सूर आज वाचवत नाही. “तिकडं तुम्हाला कोणी शिकवतच नाही,” असं मी लिहिलं होतं. तुम्हाला! जणू मी तिकडची नव्हेच.

भाऊ पळायचं म्हणतो ते कुठून येतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? औसा तालुक्यात आमचं गाव. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन छप्पन्न, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, माणसं दमून झोपली होती. मी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. आमचं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाड भिंती, आत-बाहेर दगड आणि मधे माती-कपच्या भरलेल्या, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. वर माळवद. दर पावसाळ्याआधी आजोबा त्यावर पांढरी माती टाकायचे, आणि अशी वर्षानुवर्षं टाकलेली माती दीड फुटाच्या वर गेली होती. थोरले चुलते बाहेरच्या भिंतीला लागून झोपले होते, ते गेले. आजी खणात, चार लाकडी खांबांच्या मधे होती. भिंती बाहेर कोसळल्या, पण खांब-तुळया तिच्यावर उभ्या राहिल्या. त्या पहाटे त्या भागात जवळपास दहा हजार माणसं गेली. आम्ही दोघं आणि आईबाबा वाचलो ते उकाड्यामुळं अंगणात झोपलो होतो म्हणून. भावाच्या डोक्यात तेच बसलं: बाहेर म्हणजे जगणं, आत म्हणजे मरण.

माळवदाखाली तो नियम बरोबरच होता. डोक्यावर टनावारी माती आणि सुटी दगडी भिंत असेल तर टेबल काय वाचवणार? इथं जपानातही तसंच घडलं आहे. शेजारच्या मावशी कोबेच्या. 17 जानेवारी 1995 ला पहाटे त्या तिथल्या जुन्या लाकडी घरात होत्या, वर जड कौलं. त्या सांगतात, त्यांच्या गल्लीत माणसं गेली ती घरं बसल्यामुळं. त्या स्वतः वाचल्या, पण उशाशी असलेलं लाकडी कपाट अंगावर पडून खांद्याचं हाड मोडलं आणि दोन तास हलता आलं नाही. नोतोला 2024 च्या पहिल्याच दिवशी भूकंपात पुन्हा जुनीच घरं बसली. म्हणजे आधी घर बघायचं, मग नियम. भाऊ आता माळवदाखाली राहत नाही, पण नियम माळवदाचाच वापरतो.

काकूंची चौकटही अशीच आहे. मातीच्या घरात लाकडी चौकट हीच काय ती मजबूत वस्तू होती. फ्लॅटच्या चौकटीला असलं बळ नाही, आणि दार हेलकावे खाऊन बोटं चिरडतं.

ऑक्टोबरात मी नांदेडला गेले तेव्हा पहिल्याच रात्री आईच्या खोलीतलं कपाट मोजलं. लोखंडी, साडेसहा फूट उंच, दीड फूट जाड. वर दोन सुटकेसा आणि आजीची पितळी पातेली. असं कपाट पुढच्या कडेवर उलटलं की त्याचं डोकं भिंतीपासून आठ फुटांपर्यंत पोचतं. आईची उशी पाच फुटांवर होती. आणि खोलीचं एकमेव दारही त्या आठ फुटांत.

टोक्योत घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, म्हणून मी कपाटाच्या डोक्यावर छताला टेकणारे दोन दांडे लावले आहेत, दोन्ही टोकांना, भिंतीकडच्या अंगाला, आणि खाली पुढच्या कडेखाली पाचर, म्हणजे कपाट किंचित मागं झुकतं. दोन्ही मिळून चांगलं धरतं, नुसता दांडा पुरत नाही. मी नांदेडलाही तसंच करणार होते. भाच्यानं वर बोट दाखवलं. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग होतं. दांडा त्यातून सरळ वर गेला असता. माझं टोक्योचं शहाणपण तिथं संपलं.

मग आम्ही तो सांगेल तसं केलं. आधी कपाट हलवलं, म्हणजे पडलंच तर ना पलंगावर ना दारात. निम्मं काम इथंच झालं आणि एक रुपया लागला नाही. वरची पातेली खाली उतरवली, जड कपडे आणि कागदपत्रं तळाच्या कप्प्यात. मग वरच्या दोन्ही कोपऱ्यांना लोखंडी अँगल. कपाटाचा पत्रा पातळ असतो, त्यात नुसता स्क्रू पिळला तर ओढ बसली की पत्र्यासकट फाटून येतो, म्हणून आरपार नटबोल्ट आणि आतून रुंद वॉशर. भिंतीत ड्रिल चालवताना भाच्यानं मला खाली कागद धरायला लावला. आधी राखाडी भुकटी पडली, ते प्लास्टर. मग लाल आली. “आता वीट लागली,” तो म्हणाला, आणि तिथून पुढं दोन इंच आत गेला. एका भोकाला ड्रिल अचानक लोण्यासारखं आत शिरलं. तो विटांचा सांधा होता, तिथं प्लग बसत नाही. ते भोक सोडलं आणि दोन इंच बाजूला नवं पाडलं. ज्यांच्याकडे शेवटपर्यंत पांढरीच भुकटी येते त्यांच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या, त्यांना प्लग वेगळा लागतो, दुकानात तसं सांगून मागायचा. शेवटी भाच्यानं अँगल धरून सगळं अंग टाकून ओढलं. भिंत बोलली नाही.

मामांच्या टीव्हीचंही हेच आहे. टांगलाय हे खरं, पण प्लग नुसत्या प्लास्टरात असेल तर तोही पडणार.

भाऊ दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “आणि बिल्डिंगच बसली तर?” खाली सगळं पार्किंग आहे, नुसते खांब, भिंती नाहीत. 2001 च्या भूकंपात अहमदाबादला अशा इमारती बसल्या होत्या, हे त्याला माहीत आहे. भाचा गप्प राहिला. मग म्हणाला, ड्रॉइंग मिळालं तर बघतो. सोसायटीनं अजून ते दिलेलं नाही, आणि माझ्याकडेही भावाला उत्तर नाही.

पण बिल्डिंग उभी राहिली, आणि बहुतेक वेळा ती राहतेच, तर पुढचा तास असतो. तो मी 11 मार्च 2011 ला टोक्योत एकटीनं काढला. हादरा मिनिटांवर मिनिटं चालला. थांबल्यावर मी उठले आणि पहिलं पाऊल काचेवर पडलं. तेव्हापासून पलंगाखाली पिशवीत बूट आणि टॉर्च बांधलेले असतात. मग दार उघडून ते मिटू नये म्हणून अडसर लावला, कारण पुढच्या धक्क्यात चौकट वाकली की दार उघडत नाही. गॅसमीटरचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे त्यानं पुरवठा स्वतःच तोडला होता. बटण दाबून तीन मिनिटं थांबले, मग सुरू झाला.

नांदेडला आईच्या सिलिंडरला असं कोणी नाही. तिथं रेग्युलेटर हातानं बंद करायचा, वास आला तर ना बटण दाबायचं ना काडी ओढायची, खिडक्या उघडून बाहेर पडायचं. वास नसेल तर घर सोडताना मेन स्विच पाडायचा. कोबेत बऱ्याच आगी वीज परत आल्यावर लागल्या, पडलेल्या हीटरवर, चेपलेल्या वायरींवर, आणि घरात कोणी नव्हतं. लिफ्ट नाही. खाली उतरायचं ते आता, हादरा थांबल्यावर, बूट घालून, भिंतीकडच्या बाजूनं. हे ऐकून भाऊ म्हणाला, “म्हणजे पळायचंच की!” मी म्हटलं, चालायचं.

फोनचं बोलताना मला रडू आलं. 2011 ला आईचा फोन मला कितीतरी तास लागला नाही. म्हणून आम्ही ठरवलं की नांदेडला काही झालं तर एकमेकांना फोन लावत बसायचं नाही, प्रत्येकानं फक्त मला एक मेसेज टाकायचा, मी सगळ्यांना सांगेन. म्हणजे त्या घरात माझं काम दूर असणं हेच आहे.

आणखी एक गोष्ट मी भावाला सांगितली, जी इथं कोणालाच सांगितली नव्हती. टोक्योत रात्री पलंग हलायला लागला की आजही माझे पाय आधी दाराकडे वळतात. मुलगी माझा हात धरून टेबलाखाली ओढते.

भाऊ काही बोलला नाही. निघायच्या दिवशी आईचा पलंग झाडताना खाली पिशवी दिसली. त्यात आईच्या मागं पट्टा असलेल्या सँडल, टॉर्च, आणि तिच्या बीपीच्या गोळ्यांचं एक पाकीट. गोळ्यांचं मला सुचलं नव्हतं.