सव्वापाचने घेतात आणि आठने देतात?

«फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो सव्वा टक्का उतरवला. बँकांना आता ५.२५ टक्क्यांनी पैसा मिळतो, तोच त्या आपल्याला आठने देतात. घराचा हप्ता एक रुपयाने कमी झाला नाही, पण एफडीचं व्याज दुसऱ्या दिवशी पाडलं. वाढतं तेव्हा लगेच वाढतं, उतरतं तेव्हा कधीच उतरत नाही. ही सरळ लूट आहे. प्रत्येक ग्रुपवर पाठवा.»

हा मजकूर मला एकाच आठवड्यात तीनदा आला. एकदा अमळनेरच्या जिभाऊंकडून, त्यांच्या साऱ्या पेन्शनच्या एफडी आहेत. एकदा भुसावळच्या भाच्याकडून, तो रेल्वेत आहे आणि त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे. तिसऱ्यांदा आमच्याच निवृत्त बँकवाल्यांच्या ग्रुपवर, तेव्हा मात्र कपाळावर हात मारला. जिभाऊंनी खाली लिहिलं होतं, «हाऊ काय प्रकार शे?» तेव्हा त्यांच्यासाठीच सविस्तर लिहितो.

आधी पैसा येतो कुठून ते पाहू. बँक गृहकर्ज रेपोच्या पैशातून देत नाही. रेपो म्हणजे सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून सहसा एका रात्रीपासून काही दिवसांपुरती घेतलेली उचल. संध्याकाळी हिशेबात तूट पडली तर ती भरून काढायची सोय. आज रात्री उचललेला पैसा उद्या-परवा परत द्यायचा असेल, तर त्यावर वीस वर्षांचं घर कोण बांधून देईल? बाजारात पैसा मुबलक असतो तेव्हा बँका उलट आपला जादा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायला जातात.

कर्जाचा पैसा असतो जिभाऊंचा. त्यांच्या ठेवीतल्या दर शंभर रुपयांमागे तीन रुपये रिझर्व्ह बँकेत रोख ठेवावे लागतात आणि त्यावर छदाम व्याज मिळत नाही. हा रोख राखीव निधी २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत चार रुपये होता, तो चार टप्प्यांत तीनवर आणला. आणखी अठरा रुपये सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित जागी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. उरलेल्या एकोणऐंशी रुपयांतून कर्ज द्यायचं. त्या कर्जाच्या व्याजातूनच जिभाऊंचं व्याज, शाखेचा खर्च, ठेव विम्याचा हप्ता आणि बुडणाऱ्या कर्जाची तरतूद भागवायची. ५.२५ आणि आठ यांच्यातली वजाबाकी म्हणजे नफा नव्हे, हे सातवीतल्या पोरालाही कळावं. बँका नफा कमावत नाहीत असं मी म्हणत नाही, रग्गड कमावतात. पण तो या वजाबाकीतून निघत नाही.

मग रेपोचा गृहकर्जाशी संबंध काय? तो पैशाचा नाही, मोजपट्टीचा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना सांगितलं, की बदलत्या दराचं नवं गृहकर्ज बाहेरच्या एखाद्या दराला बांधा. बहुतेक बँकांनी रेपोच निवडला. रेपो अधिक बँकेचा वाढावा, म्हणजे तुमचा दर. रेपो हलला की तुमचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा हलवावाच लागतो. वाढावा मात्र बँकेला मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. त्यातला जोखमीचा भाग तुमची पत खरोखर बदलल्याशिवाय बदलत नाही.

आता भाच्याचा कागद उघडतो. जानेवारी २०२५ मध्ये पंचवीस लाख बाकी, पंधरा वर्षं शिल्लक, रेपो ६.५० अधिक अडीच टक्के, म्हणजे दर नऊ. हप्ता २५,३५७ रुपये. त्याच्या कर्जाचे दर बदलायचे दिवस एक जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. ७ फेब्रुवारीची पाव टक्क्याची कपात त्याला १ एप्रिलला मिळाली. ९ एप्रिलची पाव टक्क्याची कपात आठ दिवसांनी हुकली. ती ६ जूनच्या अर्ध्या टक्क्याबरोबर १ जुलैला आली. ५ डिसेंबरची पाव टक्क्याची १ जानेवारी २०२६ ला. नऊचा दर असा पायरीपायरीने ७.७५ वर उतरला. मधले आठ-बारा आठवडे तो «मला काहीच मिळालं नाही» म्हणत होता, आणि त्या आठवड्यांपुरतं ते खरं होतं.

पण हप्ता तर आजही २५,३५७ च आहे! इथेच हा मजकूर लोकांना पटतो. दर उतरला की बहुतेक बँका आपणहून हप्त्याला हात लावत नाहीत, मुदत आखडतात. दर नऊ असताना पहिल्या महिन्याचं व्याज होतं १८,७५० रुपये, म्हणजे मुद्दलात ६,६०७ गेले. तेवढ्याच बाकीवर ७.७५ ने व्याज होतं १६,१४६, म्हणून मुद्दलात ९,२११ जातात. हप्ता तोच, पण आतली वाटणी बदलली. ते पाहायला खातेउताऱ्यात व्याजाची ओळ बघावी लागते, मोबाइलवर येणारा हप्त्याचा मेसेज नाही.

हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी कपात एकदम झाली असं धरतो. हप्ता तोच ठेवला तर १८० ऐवजी १५८ महिन्यांत कर्ज फिटतं, आणि एकूण भरणा साधारण पावणेसहा लाखांनी कमी होतो. हप्ता कमी करून घेतला तर तो २३,५३२ होतो. महिन्याला अठराशे पंचवीस रुपये सुटतात, पण मुदत १८० महिनेच राहते आणि एकूण बचत सव्वातीन लाखांच्या आसपास येते. म्हणजे ज्याला तो लूट म्हणत होता, त्यात त्याचे जवळपास अडीच लाख जास्त वाचत होते. अर्थात पोरीच्या क्लासची फी भरायला हातात आज पैसे हवेत, असं तो म्हणाला तर तेही चूक नाही. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता की मुदत, हे निवडायची मुभा बँकेने द्यायची आहे. दर तिमाहीला किती हप्ते उरले, किती मुद्दल आणि किती व्याज गेलं, हे सांगणारं विवरणही द्यायचं आहे. ते मागा. «उरलेले हप्ते» हा आकडा वर्षभरात बारापेक्षा जास्तने घटला असेल, तर कपात तुमच्यापर्यंत पोहोचली आहे.

वाढतानाही हेच झालं होतं, फक्त उलट. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० वर गेला. तेव्हा बऱ्याच जणांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. ज्यांनी २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं होतं, त्यांचा जुना हप्ता सव्वानऊच्या दराने जेमतेम व्याजालाच पुरू लागला. तेव्हा कुणी मेसेज फिरवला नाही, कारण खिशातून जाणारी रक्कम तीच होती.

एफडीचं म्हणाल, तर जिभाऊ, तुमची पावती काढा. जानेवारी २०२५ मध्ये तीन वर्षांसाठी सात टक्क्यांनी ठेवलेल्या पाच लाखांवर आजही सातच मिळतात, आणि जानेवारी २०२८ पर्यंत मिळतील. रेपो कुठेही जावो, बँकेला तो करार मोडता येत नाही. उतरतो तो नव्या ठेवींचा दर. त्याला रेपोशी बांधणारा कुठलाही नियम नाही, तो बँक स्वतः ठरवते. बँकांना एकमेकींकडून एका रात्रीसाठी स्वस्त पैसा मिळू लागला, बाजारातल्या अल्पमुदतीच्या उसनवारीचे दर खाली आले, की ठेवीदारांच्या मागे धावायची गरज उरत नाही. मग शाखेतला फलक बदलतो. पण कर्जाला मागणी जोरात असेल आणि ठेवी येत नसतील, तर रेपो उतरूनही बँक एफडीचा दर खाली आणायला कचरते.

या दोन घड्याळांच्या वेगातच खरी गोष्ट आहे. रेपोला बांधलेली कर्जं तीन महिन्यांत स्वस्त होतात, जुन्या ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत महाग राहतात. म्हणून कपातीनंतरचे काही महिने बँकेचीच कोंडी होते. ती कोंडी फोडायला बँक लगेच हात घालते तो बचत खात्याला, कारण तिथे मुदतीचा करार नसतो. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्याचा दर २.७० वरून २.५० वर आणला तो याच सुमारास. त्यावर चिडायचं असेल तर खुशाल चिडा. चालू महिन्याच्या खर्चाला लागत नाही तेवढा पैसा बचत खात्यात पडून ठेवणाऱ्यांमुळेच बँकांना ते परवडतं. आमच्याकडे कापसाचे, केळीचे पैसे आले की सहा-सहा महिने तसेच पडून असतात.

आता मजकुरातला खरा भाग. «वाढतं तेव्हा लगेच, उतरतं तेव्हा कधीच नाही» हे वाक्य जुन्या पद्धतींबद्दल बऱ्याच अंशी खरंच होतं. २०१० चा बेस रेट आणि एप्रिल २०१६ पासूनचा एमसीएलआर हे दोन्ही कर्जाचे पायाभूत दर बँकेच्या आतल्या खर्चावर बेतलेले. तो खर्च कसा मोजायचा यात बँकांना इतकी मोकळीक होती, की कपात वाटेतच जिरायची. २०१७ मध्ये जनक राज यांच्या अभ्यासगटाने हेच दाखवून बाहेरच्या मोजपट्टीची शिफारस केली, त्यातूनच २०१९ चा नियम आला. शिवाय एमसीएलआरच्या अनेक गृहकर्जांचा दर वर्षातून एकदाच बदलतो. ज्यांनी कधी बदलून घेतलं नाही, त्यांची कर्जं अजून तिथेच अडकलेली आहेत.

आणि हा नियम व्यापारी बँकांचा. गृहवित्त कंपन्या, सहकारी बँका आणि पतसंस्था यांना तो लागू नाही. जळगाव-धुळ्याकडे हे महत्त्वाचं आहे, कारण इथे कितीतरी घरं यांच्याच पैशावर उभी आहेत. माझ्या चाळीसगावच्या मावसभावाचं कर्ज एका गृहवित्त कंपनीचं. त्याच्या मंजुरीपत्रात रेपो हा शब्दच नाही. «कंपनीचा प्रधान कर्जदर वजा इतके टक्के» असं लिहिलंय, आणि तो प्रधान दर कंपनीच ठरवते. सव्वा टक्क्याच्या कपातीतलं त्याला वर्षभरात पाव टक्काच मिळालं. त्याच्यापुरता हा मेसेज खोटा नाही.

त्याचा दर साडेनऊ, बाकी बारा लाख. व्यापारी बँक आठने द्यायला तयार आहे. दीड टक्क्याचा फरक म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे अठरा हजार. बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही, त्यामुळे खर्च उरतो नव्या बँकेच्या प्रक्रिया शुल्काचा, वकिलाच्या शोधअहवालाचा आणि गहाणखताच्या मुद्रांकाचा. तो सगळा मिळून किती, ते लेखी मागायला सांगितलंय. आधी त्याच कंपनीला पत्र देऊन दर बदलून मागायचा, शुल्क काय ते विचारायचं, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं. सोमवारी तो शाखेत जाणार आहे.